संस्कार (जातकर्म ते उपनयन)

हिंदू धर्मशास्त्रात मुलाच्या जन्मापासून मुंजीपर्यंत करावयाचे विधी. गौतम धर्मसूत्रात एकूण संस्कार चाळीस सांगितले असून त्यांत पाकयज्ञ व सोमयज्ञही मोजले आहेत. आज रूढ असलेली सोळा ही संख्या उत्तरकालीन आहे आणि ग्रंथागणिक त्या सोळांची यादी बदलते. प्रस्तुत कालखंडापुरते गौतमाने जातकर्म, नामकरण, अन्नप्राशन, चौल व उपनयन एवढेच दिले आहेत. निष्क्रमण (बाळाला प्रथम घराबाहेर नेणे) मनुस्मृतीत चौथ्या महिन्यात येते, तर कर्णवेध जुन्या गृह्यसूत्रांत बहुधा आढळत नाही. महाराष्ट्रात पाचवी-सहावीला होणारी सटवाईची पूजा ही लोकाचारातली असून तिचा या परंपरेशी संबंध दूरचा आहे.

या विधींमागील कल्पना मनुस्मृतीने (२.२७) नेमकी मांडली आहे. बीज व गर्भ यांपासून आलेला दोष होम, जातकर्म, चौल आणि मौंजीबंधन यांनी धुऊन जातो, असे ती म्हणते. गृह्यसूत्रांतील मंत्रांचा सूर मात्र वेगळा आहे. आश्वलायनाच्या जातकर्मात इतरांचा स्पर्श होण्यापूर्वी बाळाला सोन्याने मध व तूप चाटवतात आणि खांद्यांना स्पर्श करून ‘दगड हो, परशू हो, न झिजणारे सोने हो’ अशा अर्थाचा मंत्र म्हणतात. यात दोषनिवारणापेक्षा आयुष्य व बुद्धी यांचीच मागणी आहे. दोषाची कल्पना नंतर वरून आली असावी, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

नामकरणाचे नियम सूत्रकारांनी व्याकरणाच्या बारकाईने घातले आहेत. आश्वलायनाच्या मते मुलाचे नाव घोष वर्णाने सुरू व्हावे, मध्ये अंतःस्थ (य, र, ल, व) असावा, शेवटी विसर्ग यावा आणि अक्षरे दोन किंवा चार असावीत. प्रतिष्ठा हवी असेल तर दोन, ब्रह्मवर्चस हवे असेल तर चार. ‘भद्रः’ आणि ‘जनार्दनः’ ही नावे या कसोटीला उतरतात. ‘केशवः’ मात्र दोन ठिकाणी अडते, कारण आरंभीचा ‘क’ अघोष आहे आणि अक्षरे तीन आहेत. विषम अक्षरे मुलींच्या नावासाठी राखलेली आहेत. हा नियम प्रत्यक्षात कितपत पाळला गेला याचा अंदाज केशव नावाच्या लोकप्रियतेवरूनच यावा. याशिवाय अभिवादनीय नावाचे एक वेगळे नाव सांगितले आहे. ते उपनयनापर्यंत फक्त आईबापांना ठाऊक असावे, असा दंडक होता. बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते आणि बाकीच्या बायका ‘कुर्र’ करून तिच्या पाठीत धपाटे घालतात, या प्रथेला सूत्रांत आधार नाही.

अन्नप्राशन सहाव्या महिन्यात, चौल पहिल्या किंवा तिसऱ्या वर्षी अथवा कुलधर्माप्रमाणे करावे, असे सर्वसाधारण मत आहे. यांची मराठी रूपे, म्हणजे उष्टावण आणि जावळ, सर्वपरिचित आहेत; दोन्हींत मामाचा मान असतो.

उपनयनाचे वय ब्राह्मणाला आठवे, क्षत्रियाला अकरावे आणि वैश्याला बारावे सांगितले आहे, पण ही गणना गर्भापासून करायची असते. त्यामुळे ‘गर्भाष्टम’ म्हणजे जन्मापासून सुमारे सव्वासहा ते सव्वासात वर्षे. कमाल मर्यादा अनुक्रमे सोळा, बावीस व चोवीस वर्षे होती. ती ओलांडणारा पतितसावित्रीक किंवा व्रात्य ठरे आणि प्रायश्चित्ताशिवाय त्याचे उपनयन होत नसे.

आधीचे संस्कार राहून गेले असतील तर काय करावे, हा प्रश्न निबंधकारांनी, म्हणजे धर्मशास्त्रातील वचने संकलित करणाऱ्या ग्रंथकारांनी, बराच चर्चिला आहे. शौनकाच्या नावावर चालणाऱ्या वचनानुसार चौलापूर्वीच्या प्रत्येक लुप्त संस्कारासाठी पादकृच्छ्र, चौलासाठी अर्धकृच्छ्र आणि आपत्ती नसताना टाळले असल्यास दुप्पट प्रायश्चित्त घ्यावे. ही व्यवस्था पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांच्या धर्मसिंधूतून (१७९०) महाराष्ट्रातील पुरोहितांत रूढ झाली. जातकर्म, नामकरण व अन्नप्राशन वेळेवर झालेले नाही आणि चौलही राहिले आहे, अशा मुलाचा हिशेब मांडला तर तीन पाद आणि एक अर्ध मिळून सव्वा कृच्छ्र होते. कृच्छ्र हे मुळात बारा दिवसांचे उपोषणव्रत आहे. व्यवहारात त्याऐवजी गोदानाचे मूल्य म्हणून दक्षिणा देतात. म्हणूनच मुंजीच्या सकाळी भटजी काही मिनिटांत मागचे सगळे संस्कार उरकतात, चौलासह. लहानपणीचे चार विधी एका मुहूर्तात कोंबले जाण्याचे कारण आधुनिक घाई हे नव्हे. त्याची शास्त्रोक्त सोय आधीपासून होती.

उपनयनाची वयोमर्यादा ओलांडल्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण रायगडावरील आहे. शिवाजी महाराजांचे उपनयन राज्याभिषेकापूर्वी, मे १६७४ च्या अखेरीस, गागाभट्टांच्या पौरोहित्याखाली झाले. जन्मवर्ष १६३० धरले तर वय ४४ होते, म्हणजे क्षत्रियाची बावीस वर्षांची मर्यादा दुपटीने उलटली होती. त्यामुळे आधी प्रायश्चित्त, मग मौंजी आणि त्यानंतर राण्यांशी समंत्रक विवाह, असा क्रम लावावा लागला.

उपनयनाचा गाभा जानवे नसून आचार्याने मुलाला स्वीकारणे हा आहे. अथर्ववेदात (११.५) आचार्य ब्रह्मचाऱ्याला तीन रात्री उदरात धारण करतो असे म्हटले आहे, द्विज या कल्पनेचे मूळ तेथे दिसते. आश्वलायनाच्या उपनयनविधीत मेखला, दंड, अजिन आहेत, पण सूत घालण्याचा उल्लेख नाही. जानव्याच्या उगमाविषयी दोन मते आहेत. लोकमान्य टिळकांनी ‘ओरायन’ (१८९३) या ग्रंथात यज्ञोपवीत व मेखला यांचा संबंध मृगनक्षत्राच्या पट्ट्याशी आणि पारशांच्या कुस्तीशी जोडला. कुस्ती कमरेला बांधतात, त्यामुळे तिचे साम्य मेखलेशी पटते, जानव्याशी तितकेसे नाही. पां. वा. काणे यांच्या मते उपवीत हे मुळात उत्तरीय वस्त्र असून सूत त्याचा पर्याय म्हणून आले. तैत्तिरीय आरण्यकात अजिन किंवा वस्त्र उपवीताप्रमाणे घेण्यास सांगितले आहे, आणि आपस्तंब धर्मसूत्र नेहमी उत्तरीय असावे असे सांगून लगेच ‘किंवा उपवीतासाठी नुसते सूतच’ अशी सवलत देते. ही साक्ष बलवान आहे. पुढे सवलतच नियम झाली आणि चार बोटांभोवती शहाण्णव फेरे, नऊ तंतू, तीन पदर, ब्रह्मगाठ असे जानव्याचे माप ठरून गेले.

मुलींचे जातकर्मादी विधी मनूने (२.६६) मंत्रांविना करावयास सांगितले आहेत आणि विवाह हाच त्यांचा उपनयनस्थानी मानला आहे. हारीताचे उत्तरकालीन ग्रंथांत उद्धृत झालेले वचन मात्र स्त्रियांचे ब्रह्मवादिनी व सद्योवधू असे दोन प्रकार करून पहिलीला उपनयन, अग्नी व वेदाध्ययन देते. निबंधकारांनी ते दुसऱ्या कल्पातले म्हणून बाजूस सारले. पुण्याची ज्ञान प्रबोधिनी मुलींची उपनयने करते.