कॉन्टॅक्टची परवानगी एवढी जड का झाली: सावद्याच्या एका ॲपवरून

माझा एक मावसभाऊ सावद्याला असतो, त्याने केळीवाल्यांसाठी एक छोटं ॲप बनवलं, म्हणजे कापणी कधी झाली, गाडी कोणाला दिली, वजन किती भरलं, भाव काय लागला, पैसे आले की राहिले आणि काटापावतीचा फोटो, बस एवढंच. 26 शेतकऱ्यांना त्याने चार महिने लिंकने देऊन बघितलं, सगळे खुश, मग प्ले स्टोअरवर टाकायला गेला तर ॲप परत. रात्री दहाला फोन, "काय भो, मी काय चोर आहे का?"

चोर नाही. पण त्याच्या ॲपने मागितलं काय होतं ते बघा: अख्खी कॉन्टॅक्ट लिस्ट, सगळे एसएमएस, सगळे फोटो. कारणं तिन्हीची साधीच होती. व्यापाऱ्याचा नंबर निवडता यावा म्हणून कॉन्टॅक्ट, ओटीपी आपोआप भरला जावा म्हणून एसएमएस आणि पावतीसाठी फोटो. दहा वर्षांपूर्वी हेच ॲप काही न विचारता पास झालं असतं. मधल्या काळात काय झालं ते माहीत नसलं की स्टोअरवाले उगाच छळतायत असं वाटतं, म्हणून हे लिहितोय.

2015 च्या आधी अँड्रॉइडवर परवानगी इन्स्टॉलच्या वेळीच एकदम मागायचे. लांबलचक यादी यायची, खाली 'ॲक्सेप्ट'. एक देतो, दुसरी नाही, असं काही नव्हतं, घ्यायचं तर सगळं नाहीतर ॲपच नाही. त्या काळात आम्ही पण एक ॲप केलं होतं, जळगावच्या एका दुकानदारासाठी, त्यात आम्ही कॉन्टॅक्ट उचलून सगळ्यांना 'आमचं ॲप घ्या' असा एसएमएस टाकला होता. मस्त मार्केटिंग वाटलं होतं तेव्हा. दुसऱ्या दिवशी दुकानदाराला अमळनेरहून एका आजीबाईंचा फोन, "मना नंबर तुमले कोनी दिधा?" त्यांच्या जावयाने ॲप टाकलं होतं, आजीबाईंकडे तर साधा बटनवाला फोन.

खरी गोम इथेच आहे. कॉन्टॅक्ट लिस्ट ज्याच्या फोनमध्ये आहे तो 'हो' म्हणतो, पण माहिती त्याची नसतेच, ती असते सासूबाईंची, डॉक्टरची, वकिलाची, तालुक्याच्या सावकाराची. त्यांना कोणी विचारलेलंच नाही. स्वतःचं लोकेशन दिलं तर आपलं आपण दिलं, इथे मात्र एक माणूस पाचसातशे माणसांच्या वतीने सही करतो.

हे पहिल्यांदा मोठ्या आवाजात बाहेर आलं 2012 च्या फेब्रुवारीत, आयफोनवर. पाथ नावाचं एक सोशल ॲप होतं, सिंगापूरमधल्या एका डेव्हलपरच्या लक्षात आलं की ते न विचारता अख्खं ॲड्रेस बुक आपल्या सर्व्हरवर नेतंय. कंपनीने माफी मागितली, गोळा केलेलं पुसलं, आणि त्याच वर्षी आलेल्या आयओएस 6 मध्ये ॲपलने कॉन्टॅक्टसाठी वेगळा प्रश्न विचारायला सुरुवात केली. 2013 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने पाथशी 8 लाख डॉलरवर प्रकरण मिटवलं, पण त्यातला दंड होता लहान मुलांची माहिती पालकांना न विचारता घेतल्याबद्दलचा, कॉन्टॅक्टबद्दल फसवणुकीचा वेगळा आरोप होता. लोक हे दोन्ही एकत्र करून सांगतात, म्हणून सांगितलं. 2012 च्या त्याच फेब्रुवारीत कॅलिफोर्नियाच्या ॲटर्नी जनरलने ॲपल, गूगल आणि बाकीच्या स्टोअरवाल्यांकडून कबूल करून घेतलं की ॲपचं प्रायव्हसी पॉलिसीचं पान डाउनलोडच्या आधीच बघता आलं पाहिजे. स्टोअरच्या पानावर पॉलिसीची लिंक दिसते तिचं मूळ हे.

अँड्रॉइडला वळायला 2015 उजाडलं. अँड्रॉइड 6 मध्ये परवानगी वापरताना, एकेक करून मागायची पद्धत आली. पण त्यात एक पळवाट राहिली होती, आणि ती पुष्कळांनी वापरली. ॲप जुन्या व्हर्जनसाठी बनवलंय असं जाहीर केलं, म्हणजे टार्गेट एसडीके 22 किंवा खाली ठेवला, की नव्या फोनवर पण जुन्यासारखं इन्स्टॉललाच सगळं मिळायचं. मग कोण कशाला वर जाईल? ही वाट प्ले स्टोअरने 2018 मध्ये बुजवली, ऑगस्टपासून नव्या ॲपला आणि नोव्हेंबरपासून अपडेटला टार्गेट 26 सक्तीचं केलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात एसएमएस आणि कॉल लॉगचा नियम जाहीर झाला: फोनमधलं मुख्य एसएमएस किंवा कॉलिंग ॲप असाल तर मागा, नाहीतर मोजके अपवाद, ते पण फॉर्म भरून. आपल्या भावाचं ॲप इथेच अडकलं होतं. ओटीपी हे कारण चालत नाही, कारण त्यासाठी परवानगीच लागत नाही अशी सोय गूगलने 2017 मध्येच दिली होती, एसएमएस रिट्रीव्हर. मेसेजच्या शेवटी ॲपचा 11 अक्षरी कोड टाकायचा, मग फक्त तो एक मेसेज ॲपला मिळतो, बँकेचे न् घरचे मेसेज बंदच राहतात.

आता भारतातला भाग, आणि हा जरा कडू आहे. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये झटपट कर्ज देणारी ॲप बोकाळली. तीन हजार, पाच हजार, आठ दिवसांची मुदत, आणि तारण काय, तर तुमची कॉन्टॅक्ट लिस्ट. हप्ता चुकला की वसुलीवाले त्या यादीतल्या मामाला, साहेबाला, शेजाऱ्याला फोन लावायचे, फोटो बदलून पाठवायचे. डिसेंबर 2020 मध्ये तेलंगणात अटका झाल्या, रिझर्व्ह बँकेने लोकांना सावध केलं, जानेवारी 2021 मध्ये कार्यगट नेमला आणि 2 सप्टेंबर 2022 ला डिजिटल कर्जाचे नियम आले: फाइल-मीडिया, कॉन्टॅक्ट, कॉल लॉग यांना हात लावायचा नाही, कॅमेरा, माइक, लोकेशन फक्त एकदा, केवायसीपुरतं, तेही स्पष्ट संमतीने. 31 मे 2023 पासून प्ले स्टोअरनेही वैयक्तिक कर्जाच्या ॲपना कॉन्टॅक्ट आणि फोटो बंद केले. आपल्याकडे उधारीची वही दुकानातच राहते, गावभर फिरत नाही, त्या ॲपवाल्यांनी वही चौकात वाचायची धमकी दिली एवढाच फरक. त्यामुळे आज पैशाच्या हिशोबाचं कुठलंही ॲप कॉन्टॅक्ट मागायला लागलं की तपासणाऱ्याच्या कपाळावर आठी येते, आणि केळीचा हिशोब हा पण पैशाचाच हिशोब.

मग त्या ॲपमध्ये आम्ही काय केलं ते सांगतो. व्यापारी निवडायला अख्खी यादी लागतच नाही, फोनची स्वतःचीच यादी उघडायची, शेतकऱ्याने एक नाव दाबायचं, तेवढाच नंबर ॲपकडे येतो. परवानगी शून्य:

```kotlin
val i = Intent(Intent.ACTION_PICK,
    ContactsContract.CommonDataKinds.Phone.CONTENT_URI)
pickContact.launch(i)
```

फोटोचंही तसंच, फोटो पिकर वापरला की निवडलेली पावतीच दिसते, गॅलरी नाही. तिन्ही परवानग्या काढल्या, नवीन बिल्ड केला, आणि गंमत म्हणजे यादीत `READ_CONTACTS` अजून तिथेच! आपण लिहिलेली नाही तरी आहे. कारण 'मित्राला बोलवा' बटनासाठी त्याने कुठलीतरी जुनी लायब्ररी घेतली होती, आणि लायब्ररीची मॅनिफेस्ट बिल्डच्या वेळी आपल्यात मिसळते. अँड्रॉइड स्टुडिओत मॅनिफेस्ट उघडून खाली 'Merged Manifest' टॅब बघायचा, कोणती ओळ कुठून आली ते तिथे दिसतं. लायब्ररी काढली तर उत्तमच, नाहीतर:

```xml
<uses-permission
    android:name="android.permission.READ_CONTACTS"
    tools:node="remove" />
```

पण हे लावल्यावर ते बटन दाबून बघा, लायब्ररी परवानगी धरूनच चालत असेल तर ॲप तिथेच आपटतं. आमचं आपटलं. मग लायब्ररीच गेली.

एखाद्याला परवानगी खरंच लागतच असेल तर कधी मागायची हे पण बघा. अँड्रॉइड 11 पासून माणसाने दोनदा नाही म्हटलं की पुढे तो प्रश्न येतच नाही, सेटिंगमध्ये जाऊन उघडावं लागतं. ॲप उघडल्या उघडल्या मागून एक संधी वाया घालवू नका, ज्या बटनाला लागते ते दाबल्यावर मागा. आयफोनवर तर कारणाचं वाक्य लिहावंच लागतं, ते नसलं तर आयओएस 10 पासून ॲप बंदच पडतं.

राहिला कागदोपत्री भाग. त्याने पॉलिसी पीडीएफ करून ड्राइव्हवर ठेवली होती, ती चालत नाही, कोणालाही उघडता येणारं वेबपान लागतं, त्यात ॲपचं किंवा करणाऱ्याचं नाव स्टोअरवर आहे तेच हवं, आणि लिंक ॲपच्या आत पण. दुसरी चूक मोठी होती. प्ले स्टोअरच्या डेटा सेफ्टी फॉर्ममध्ये, जो जुलै 2022 पासून सक्तीचा आहे, त्याने 'काहीच गोळा करत नाही' लिहिलं होतं. सर्व्हरवर मात्र कॉन्टॅक्ट जात होते. साधा नियम आहे: माहिती फोनमध्येच वापरून संपली तर गोळा केली म्हणत नाहीत, फोनबाहेर गेली की गेली, मग ती तुम्ही नेली की क्रॅश रिपोर्टच्या लायब्ररीने नेली, फॉर्ममध्ये येते. आणि ॲपमध्ये खातं उघडता येत असेल तर ते पुसायची सोय आतही हवी, वेबवरही.

पॉलिसी आम्ही मराठीत लिहिली, दीड पान, काय घेतो, का, कुठे ठेवतो, कोणाला देतो, किती दिवस, पुसायला कुठे लिहायचं. नाहीतरी 2023 च्या डिजिटल डेटा कायद्यात संमतीची नोटीस इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषांत वाचायचा पर्याय द्यायचाय, मराठी त्यात आहे. अहिराणी नाही, तो वेगळा विषय.

पॉलिसीतली 'किती दिवस' ही ओळ लिहितानाच गाडी अडली. चार महिन्यांच्या चाचणीत 26 फोनमधून जवळपास 19 हजार नंबर सर्व्हरवर जमले होते, ॲपला त्यातले लागत होते 40 एक व्यापारी. ते टेबल त्याने त्याच रात्री उडवलं. पण होस्टिंगवाल्याचा रोजचा बॅकअप 30 दिवस राहतो, त्यातून मधूनच एक टेबल काढता येत नाही, म्हणजे उडवल्यावरही ते नंबर महिनाभर कुठेतरी आहेतच. 'लगेच पुसतो' असं त्याने लिहिलं होतं ते खोडून 'बॅकअपमधून 30 दिवसांत' असं केलं, त्या 26 जणांना काय काय गेलं होतं ते फोन करून सांगितलं, आणि 31 व्या दिवशी जुना बॅकअप खरंच गेला का ते बघायला मोबाइलमध्ये रिमाइंडर लावला.