जर्नल क्लबमधला स्विस पेपर आणि आपल्या वॉर्डातलं ताट

आमच्या मेडिसिन वॉर्डाच्या जर्नल क्लबात मागच्या महिन्यात ‘एफर्ट’ ट्रायल वाचायला घेतली होती. फिलिप श्युट्झ आणि सहकाऱ्यांनी स्वित्झर्लंडमधल्या आठ रुग्णालयांत केलेला, दाखल रुग्णांच्या पोषणावरचा हा प्रयोग २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. सादर करणाऱ्या निवासी डॉक्टरने शेवटच्या स्लाइडवर लिहिलं होतं, ‘कुपोषणाचा धोका असलेल्या रुग्णांना प्रोटीन सप्लिमेंट द्यावं.’ मी आहारतज्ज्ञ आहे, आणि त्या वाक्यापाशी मी त्याला थांबवलं, कारण पेपरात तसं तपासलेलंच नव्हतं.

तपासलं होतं ते असं. मेडिसिनच्या वॉर्डात दाखल झालेले, पोषणाचा धोका असलेले आणि चार दिवसांहून जास्त राहतील असा अंदाज असलेले २,०८८ रुग्ण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले. एका गटाकडे आहारतज्ज्ञ जायच्या, प्रत्येकाचं ऊर्जेचं आणि प्रथिनांचं उद्दिष्ट ठरवायच्या, आवडीनिवडी विचारून ताट बदलायच्या, मधलं खाणं आणि पूरक पेय जोडायच्या. पाच दिवसांत उद्दिष्टाच्या ७५ टक्क्यांपर्यंत पोहोचलं नाही, तर नळी आणि शेवटी शिरेवाटे पोषण असा चढता क्रम ठरलेला होता. बहुतेकांचं तोंडानेच भागलं. दुसऱ्या गटाला रुग्णालयाचं नेहमीचं जेवण मिळालं, आहारतज्ज्ञाचा सल्ला नाही. म्हणजे तुलना होती ती ‘ताटावर लक्ष ठेवणारं माणूस आहे’ आणि ‘नाही’ यांच्यात. त्यातला कुठला भाग कामाला आला, सप्लिमेंटचा डबा, ताट की रोजची विचारपूस, हे या रचनेतून वेगळं काढता येत नाही.

पूर्वग्रह शोधताना आम्ही आधी वाटणी पाहिली. ती संगणकावर, वेबवरून झाली होती. पुढचा रुग्ण कोणत्या गटात जाणार हे नोंदणी करणाऱ्याला कळत असेल, तर थोडा ठणठणीत दिसणारा रुग्ण नकळत ‘बऱ्या’ गटात सरकतो. इथे ती वाट बंद होती. पण एकदा वाटणी झाल्यावर सगळं उघड होतं. जेवण लपवता येत नाही, त्यामुळे कुणाला काय मिळतंय हे रुग्णालाही माहीत आणि परिचारिकेलाही. अशा वेळी निकाल कोण मोजतो हा प्रश्न मोठा होतो. तिसाव्या दिवशी फोन करणाऱ्या परिचारिकांना रुग्ण कोणत्या गटातला हे सांगितलेलं नव्हतं, हे चांगलं. तरी फोनवरचा रुग्ण सहज म्हणू शकतो, ‘त्या ताई रोज येऊन जेवणाचं विचारायच्या.’ मृत्यूच्या नोंदीला त्याने फरक पडत नाही. ‘आता स्वतः आंघोळ करता का’ या उत्तराला पडू शकतो.

निकालाकडे येऊ. मुख्य निकाल पाच गोष्टींची मोट होती: ३० दिवसांत मृत्यू, आयसीयूत हलवावं लागणं, मोठी गुंतागुंत, अनपेक्षितपणे पुन्हा दाखल होणं आणि रोजच्या हालचालींत घसरण. यातलं काहीही घडलं तर एक नोंद. आहारतज्ज्ञाच्या गटात १,०१५ पैकी २३२ जणांना यातलं काहीतरी झालं, दुसऱ्या गटात १,०१३ पैकी २७२ जणांना. शंभरामागे सुमारे २७ विरुद्ध २३, म्हणजे एकाचं टाळायला साधारण २५ जणांच्या ताटाकडे लक्ष द्यावं लागलं.

अशी मोट दिसली की मी ती सोडवून पाहायला सांगते. सगळ्या गोष्टी एका वजनाच्या नसतात. पुन्हा दाखल होणं आणि मरण यांना एकच गुण देणं मला पटत नाही. सोडवल्यावर दिसतं की गुंतागुंत, आयसीयू आणि पुन्हा दाखल होणं यांत ठळक फरक नाही. फरक आहे तो मृत्यूत, १०० विरुद्ध ७३, आणि हालचालींच्या घसरणीत. सहसा अशा मोटेत सौम्य गोष्टी फरक ओढून नेतात आणि मृत्यू तसाच राहतो. इथे उलटं झालं, म्हणून हा पेपर आम्ही हलका घेतला नाही.

पण मृत्यूचा हा आकडा मला जरा मोठाही वाटतो. दोन गटांत प्रत्यक्ष खाण्यातला सरासरी फरक दिवसाला सुमारे २९० कॅलरी आणि १० ग्रॅम प्रथिनं एवढाच होता. म्हणजे साधारण एक ग्लास म्हशीचं दूध आणि एक अंडं. तेवढ्याने महिन्याभरात मृत्यूची शक्यता एक तृतीयांशाने खाली येईल का? दोन गटांतल्या मृत्यूच्या शक्यतेच्या गुणोत्तराचा पट्टा ०.४७ ते ०.९१ इतका रुंद आहे, आणि १ म्हणजे काहीच फरक नाही. खरा फायदा याहून बराच कमी असू शकतो. आणखी एक हिशेब फळ्यावर मांडला. मृत्यूंतला फरक २७ जणांचा, आणि संमती मागे घेऊन गळालेले रुग्ण ६०. त्यांचं पुढे काय झालं ते मोजणीत नाही. गळती फक्त ३ टक्के आहे, म्हणून एरवी कुणी विचारणार नाही. पण गळती नुसत्या टक्क्यांत पाहू नये, फरकाच्या आकड्याशेजारी ठेवून पाहावी. याच रुग्णांचा सहा महिन्यांचा पाठपुरावा नंतर प्रसिद्ध झाला, तेव्हा मृत्यूंतला ठळक फरक उरला नव्हता. घरी गेल्यावर ताटाकडे पाहणारं माणूस सुटलं, हे त्याचं एक सरळ कारण असू शकतं.

मग आमच्या वॉर्डाचं काय? त्या रुग्णांचं सरासरी वय सत्तरीच्या पुढे होतं. आमच्या खाटांवर क्षयरोगाचा पंचविशीतला मुलगा आणि यकृत खराब झालेला चाळिशीतला माणूस शेजारी झोपतात. शस्त्रक्रियेचे आणि आयसीयूतले रुग्ण, तोंडाने खाऊ न शकणारे, मरणासन्न असलेले, हे सगळे त्या प्रयोगातून वगळलेले होते. त्यांच्यासाठी हा पेपर काही सांगत नाही. निवडीचं मोजमाप होतं एनआरएस २००२. त्यात वजन घटणं, खाणं कमी होणं, आजाराची तीव्रता आणि सत्तरीचा एक गुण असे मिळून तीन झाले की धोका. पण आमच्याकडे ‘तीन महिन्यांपूर्वी वजन किती होतं’ याचं उत्तर क्वचित मिळतं. मी विचारते, ‘बांगड्या सैल झाल्या का? परकराची नाडी किती आत आली?’ उत्तर लगेच येतं, फक्त त्याचे टक्के काढता येत नाहीत.

आणि तिथल्या नेहमीच्या जेवणावर असलेला गटसुद्धा दिवसाला सरासरी ४७ ग्रॅम प्रथिनं खात होता. जर्नल क्लबच्या दिवशीच आमच्या चौदा नंबरच्या खाटेवर न्यूमोनियाच्या एक आजी होत्या. वजन ४१ किलो. किलोला १.२ ग्रॅम धरले तर त्यांचं उद्दिष्ट ४९ ग्रॅम, आणि ७५ टक्के म्हणजे ३७. सकाळी अर्धी वाटी उपमा, दुपारी पातळ वरण आणि चार घास भात, पोळी तशीच. माझ्या अंदाजाने दिवसाचे वीस ग्रॅमही होत नव्हते. म्हणजे आमची सुरुवात त्यांच्या तुलनेच्या गटाच्याही बरीच खाली होते. त्यामुळे फायदा जास्त होईल असं वाटतं खरं, पण तो अंदाज आहे, पेपरातला निष्कर्ष नाही. शिवाय बरेच दिवस उपाशी असलेल्या माणसाला एकदम भरपूर खायला घातलं तर रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम कोसळू शकतं. हळूहळू वाढवायचं तर रक्त तपासत राहावं लागतं, आणि आठवड्याच्या शेवटी ते आमच्याकडे नेहमी होत नाही.

शेवटची स्लाइड निवासी डॉक्टरने तिथेच बदलली. डब्याचं वाक्य खोडून त्याने लिहिलं, ‘दाखल झाल्यावर वजन, तिसऱ्या दिवशी ताटात उरलेलं पाहणे.’ आजींच्या सुनेला मी घरून दोन अंडी आणि दुपारी ताकाऐवजी दूध आणायला सांगितलं. आजी म्हणाल्या, ‘अंडं नको, आज गुरुवार आहे.’ मग पनीर ठरलं.