खोक्यांची तूट आणि नगांची तूट: दिसायला एक, पण तक्रारी दोन

गोदामात आलेला माल पॅकिंग लिस्टशी जुळला नाही की बहुतेक ठिकाणी एकच वाक्य लिहिले जाते: "माल कमी आला." या वाक्यात दोन वेगळ्या घटना दडलेल्या असू शकतात. पहिल्या घटनेत पुरवठादाराने माल भरतानाच कमी भरलेला असतो. दुसरीत त्याने पूर्ण भरलेला माल वाटेत कुठेतरी कमी झालेला असतो. गोदामाच्या हिशेबात दोन्हींचा परिणाम सारखाच दिसतो, कारण मागवलेल्यापेक्षा कमी नग हाती येतात. पण पहिल्या घटनेची तक्रार पुरवठादाराकडे जाते आणि दुसरीची वाहतूकदाराकडे. दोघांना द्यायचे पुरावे वेगळे आहेत आणि दोघांच्या मुदतीही वेगळ्या आहेत. दोन्ही तुटी एका आकड्यात मिसळल्या की दोन्ही पक्षांना एकमेकांकडे बोट दाखवायची सोय होते आणि भरपाई कुणाकडूनच मिळत नाही.

एक उदाहरण बारकाईने पाहू. बॉल बेअरिंगची खेप आहे. पॅकिंग लिस्टप्रमाणे ४८ खोकी आहेत: क्रमांक १ ते ३० मध्ये ६२०४ क्रमांकाची बेअरिंग आणि ३१ ते ४८ मध्ये ६२०५ क्रमांकाची, प्रत्येक खोक्यात १०० नग, म्हणजे एकूण ४,८०० नग. लिस्टमध्ये प्रत्येक खोक्याचे ढोबळ वजनही दिले आहे, ६२०४ च्या खोक्याचे ११.२ किलो आणि ६२०५ च्या खोक्याचे १३.४ किलो. माल उतरवून, खोकी उघडून, सगळी मोजणी झाल्यावर हाती लागले ४,६६० नग. १४० नग कमी.

हा १४० चा आकडा पुरवठादाराला कळवला, तर "आम्ही ४८ खोकी रवाना केली आहेत, वाहतूकदाराला विचारा" असे उत्तर येईल. वाहतूकदाराला कळवला, तर तो म्हणेल, "खोक्यात किती नग आहेत ते आम्ही मोजत नाही, आणि पोचपावतीवर तुमची कोणत्याही शेऱ्याविना सही आहे." दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण चूक प्रश्न विचारण्यात झाली आहे. १४० ही एक तूट नाही. तिचे तीन तुकडे आहेत आणि ते वेगवेगळ्या ठिकाणी घडले आहेत.

पहिला तुकडा सर्वांत सोपा आहे. गाडीतून ४८ ऐवजी ४७ खोकी उतरली आणि क्रमांक १९ चे खोके सापडले नाही. येथे १०० नग गेले. वाहतूकदाराने माल उचलताना दिलेल्या पावतीवर ४८ खोकी अशी नोंद आहे, म्हणून हे खोके त्याच्या ताब्यात असताना गहाळ झाले. त्या पावतीवर ४७ लिहिलेले असते, तर हेच खोके पुरवठादाराच्या दारातच राहिले असा अर्थ झाला असता. त्यामुळे पूर्ण खोके कमी असेल तेव्हा पॅकिंग लिस्टइतकीच, किंबहुना तिच्यापेक्षा जास्त, उचल-पावती महत्त्वाची असते. पॅकिंग लिस्ट हे भरणाऱ्याचे म्हणणे असते, तर उचल-पावतीवरचा आकडा माल स्वीकारणाऱ्याने स्वतः मान्य केलेला असतो.

दुसरा आणि तिसरा तुकडा मात्र फसवे आहेत, कारण दोन्ही ठिकाणी खोके आले, फक्त आतले नग कमी निघाले. क्रमांक ८ च्या खोक्यात ७० नग होते आणि क्रमांक ३६ च्या खोक्यात ९०. "खोके आले म्हणजे वाहतूकदार सुटला, नग कमी म्हणजे पुरवठादार जबाबदार" हा नियम गोदामांत सर्रास वापरला जातो आणि अर्ध्याच वेळा बरोबर ठरतो. क्रमांक ३६ वर पुरवठादाराची छापील टेप एकसंध होती, कोपरे धड होते, आणि आत दहा नगांच्या नळीची एक जागा रिकामी होती. भरणाऱ्याच्या हातून एक नळी टाकायची राहिली, असे चित्र दिसते. क्रमांक ८ वर मात्र छापील टेप मधोमध कापलेली होती, तिच्यावर साधी पारदर्शक टेप चिकटवलेली होती, आणि एक कोपरा दबलेला होता. म्हणजे ते खोके वाटेत कुणीतरी उघडले होते.

वजन येथे साक्षीदाराचे काम करते. ६२०४ चे एक बेअरिंग साधारण १०६ ग्रॅमचे आणि ६२०५ चे १२८ ग्रॅमचे असते. क्रमांक ८ चे खोके ११.२ ऐवजी ८.० किलो भरले, म्हणजे ३.२ किलोची घट, जी ३० नगांशी जुळते. क्रमांक ३६ चे १३.४ ऐवजी १२.१ किलो भरले, म्हणजे १.३ किलोची घट, १० नगांइतकी. आता लिस्टमधली सर्व वजने मिळवली तर बेरीज ५७७.२ किलो येते, पण उचल-पावतीवर वाहतूकदाराने काट्यावर घेतलेले वजन ५७६ किलो आहे. क्रमांक ३६ मुळातच दहा नगांनी हलके होते असे धरले, तर उचलताना वजन ५७५.९ यायला हवे, आणि ते जवळजवळ तेवढेच आहे. क्रमांक ८ देखील आधीच हलके असते, तर ते ५७२.७ च्या आसपास आले असते. काट्याची अचूकता माहीत असेल तरच या हिशेबावर भर द्यावा. एकट्या वजनावर दावा उभा राहत नाही, पण टेपच्या फोटोला त्याची जोड मिळाली की म्हणणे बळकट होते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: लिस्टमध्ये एकाच मालाच्या सर्व खोक्यांची वजने दशांशापर्यंत सारखी असतील, तर ती बहुधा काट्यावर घेतलेली नसून गुणाकाराने लिहिलेली असतात. मग त्यांच्यावरून प्रत्यक्ष काय भरले गेले ते सिद्ध होत नाही.

म्हणजे विभागणी अशी झाली: १०० आणि ३० मिळून १३० नग वाहतूकदाराच्या खात्यात, १० नग पुरवठादाराच्या खात्यात.

वाहतूकदाराची तक्रार दारातच सुरू होते, आणि तिचे पहिले कागदपत्र म्हणजे पोचपावतीवरचा शेरा. "माल तपासणीच्या अधीन स्वीकारला" असा ठोकळेबाज शेरा अनेक गोदामांत शिक्क्याच्या रूपात तयार असतो. तो जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण त्यातून काय कमी आहे ते कळतच नाही. शेरा असा असावा: "४८ पैकी ४७ खोकी मिळाली. क्र. १९ मिळाले नाही. क्र. ८ ची टेप कापून पुन्हा चिकटवलेली, कोपरा दबलेला, वजन ८.० किलो." त्याखाली तारीख, वेळ आणि चालकाची सही. चालक घाईत असतो आणि क्रमांक ८ उघडून मोजायला थांबत नाही, ते ठीक आहे. बाहेरून दिसते ते लिहून घेणे पुरेसे असते, आतली मोजणी मागाहून जोडता येते. बाहेरून न दिसणाऱ्या तुटीसाठी मुदत थोडी मोकळी असते, पण फार नाही. युरोपातील देशांदरम्यानच्या रस्ते वाहतुकीला लागू असलेल्या सीएमआर करारात ती रविवार आणि सुट्ट्या वगळून ७ दिवसांची आहे, तर समुद्री वाहतुकीच्या हेग-व्हिस्बी नियमांत ३ दिवसांची. इतरत्र वाहतूक कराराच्या मागच्या बारीक अक्षरांत जी मुदत असेल ती.

पुरवठादाराची तक्रार याउलट शांतपणे, पण उशीर न लावता करायची असते. तिचा आधार शेरा नसून मोजणी हा असतो, म्हणून मोजणी विश्वासार्ह दिसली पाहिजे. मोजणाऱ्याच्या हातात पॅकिंग लिस्टमधला आकडा देऊ नये. १०० अपेक्षित आहेत हे माहीत असलेला माणूस ९० मोजूनही १०० लिहितो, आणि त्यात लबाडी नसते, सवय असते. कमी भरलेले खोके, आतल्या नळ्या, भरणाऱ्याची चिठ्ठी आणि टेप हे सारे बाजूला ठेवावे. एकदा आमच्याकडे तक्रार लिहून होईपर्यंत रिकामी खोकी रद्दीत गेली होती. पुरवठादाराने "कोणत्या पाळीत भरले ते चिठ्ठीवरून सांगा" असे विचारल्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. कळवताना मजकूर एवढाच पुरतो: "खोके क्र. ३६, ६२०५, लिस्टप्रमाणे १०० नग, प्रत्यक्ष ९० नग, टेप अखंड, वजन १२.१ किलो, दहाच्या नळ्या ९, फोटो सोबत." क्रमांक ८ आणि १९ चा उल्लेख या पत्रात तुटीच्या रकान्यात येऊ देऊ नये. त्यांची माहिती पुरवठादाराला वेगळ्या पत्राने जरूर द्यावी, कारण विक्रीच्या अटींनुसार वाटेतली जोखीम त्याची असेल, तर वाहतूकदारावरचा दावा त्यालाच करावा लागतो. दारातला शेरा मात्र दोन्ही परिस्थितींत माल घेणाऱ्यानेच लिहायचा असतो, तो दुसरे कुणी लिहू शकत नाही.

सीलबंद कंटेनरच्या बाबतीत हे सगळे गणित उलटते. पुरवठादाराने स्वतः भरून सील लावलेल्या कंटेनरमधील खोकी वाहतूकदाराने मोजलेलीच नसतात, आणि त्याच्या कागदावर तसे नमूदही असते. सीलचा क्रमांक कागदाशी जुळला आणि सील शाबूत असेल, तर पूर्ण खोके कमी असले तरी ती सहसा पुरवठादाराच्या भरणीतली तूट ठरते. म्हणून सील तोडण्याआधी त्याच्या क्रमांकाचा फोटो घ्यावा. तोडल्यानंतरचा फोटो कुणी मानत नाही.

तक्रार करण्यापूर्वी एक शंका मात्र फेडून घ्यावी: लिस्ट आणि मोजणी एकाच मापात आहेत का? लिस्टमध्ये "संच" आणि गोदामात "नग" असतील, किंवा खरेदी आदेशात ४,७९० नगच मागवलेले असून चूक लिस्टच्या टंकलेखनात असेल, तर तूट कागदावरची आहे. तेव्हा पुरवठादाराकडून दुरुस्त लिस्ट मागवावी, माल नव्हे.

जीआरएनमध्ये, म्हणजे गोदामाच्या माल-स्वीकृतीच्या नोंदपत्रात, नोंद प्रत्यक्ष मिळालेल्या मालाचीच करावी, म्हणजे ६२०४ चे २,८७० आणि ६२०५ चे १,७९० नग, आणि तुटीची कारणे दोन वेगळ्या ओळींत लिहावीत. पुरवठादाराने मागाहून १० नग पाठवले, तर त्यांच्यासाठी नवे जीआरएन करावे. जुन्याच नोंदीत १,७९० चे १,८०० केले, तर लेखा विभागात आलेली क्रेडिट नोट कशाची, हे सहा महिन्यांनी कुणालाच सांगता येत नाही.