दोन सेकंदांचा हॉर्न आणि रात्रभराचा हिशेब

डिसेंबरातली रात्र, दीडचा सुमार. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर दवाखान्यासमोरच्या रस्त्यावरून कारखान्याकडे संथपणे निघालेला आहे. मागची जीप कंटाळते आणि एकदा, फक्त दोन सेकंद, हॉर्न देते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी अशा कुठल्याही गावात गळीत हंगामात दिसणारं हे दृश्य. त्या एका हॉर्नने नक्की किती बिघडतं, हे कागदावर मांडून बघता येतं.

2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत शांतता क्षेत्राची मर्यादा दिलेली आहे: सकाळी 6 ते रात्री 10 पर्यंत 50 डेसिबल, रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंत 40 डेसिबल. हे आकडे एखाद्या क्षणाचे नसून त्या सगळ्या वेळेच्या सरासरीचे असतात. सरासरी म्हटल्यावर वाटतं, मग एखाद-दुसरा हॉर्न खपून जात असेल. पण ही सरासरी डेसिबलच्या आकड्यांची नाही, आवाजाच्या ऊर्जेची काढतात, आणि डेसिबलची मोजपट्टी सरळ नाही. 10 डेसिबल वाढले की ऊर्जा दहापट होते, 20 वाढले की शंभरपट, 30 वाढले की हजारपट.

आता जीपचा हॉर्न घेऊ. गाडीवर बसवलेल्या हॉर्नचा आवाज गाडीपुढे 7 मीटरवर मोजतात आणि तो साधारण 93 ते 112 डेसिबलमध्ये असावा अशी अपेक्षा असते. आपण 100 धरू. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो. म्हणजे 14 मीटरवर 94, 28 मीटरवर 88 आणि 56 मीटरवर 82. वॉर्डाची खिडकी रस्त्यापासून 56 मीटरवर आहे असं समजा. खिडकीबाहेर पोचलेले 82 डेसिबल हे रात्रीच्या 40 पेक्षा 42 ने जास्त, म्हणजे ऊर्जेच्या भाषेत जवळपास सोळा हजार पट. रात्रीच्या आठ तासांचे सेकंद होतात 28,800. त्यांना सोळा हजारांनी भागलं की उत्तर येतं 1.8 सेकंद.

थोडक्यात, त्या खिडकीपाशी पूर्ण रात्रीसाठी ठरवून दिलेला आवाज जीपने दोन सेकंदांत संपवला. सकाळी सहापर्यंत बाकी सगळं ठार शांत राहिलं तरी मर्यादा ओलांडलेलीच राहणार. दिवसाचा हिशेब याच रीतीने केला तर सोळा तासांत 36 सेकंद मिळतात, म्हणजे दोन-दोन सेकंदांचे अठरा हॉर्न. शाळा सुटायच्या वेळी फाटकाबाहेर रिक्षा, व्हॅन आणि दुचाक्यांची गर्दी झाली की हे अठरा किती मिनिटं पुरतील, ते वेगळं सांगायला नको.

खिडकी उघडी असेल तर आत येताना आवाज साधारण 10 ते 15 डेसिबलने कमी होतो, म्हणजे रुग्णाच्या उशाशी सत्तरच्या आसपास उरतो. रुग्णाच्या खोलीत रात्री एखादा क्षणिक आवाजसुद्धा 40 च्या वर जाऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या 1999 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. शाळेत त्रास वेगळ्या प्रकारचा होतो. साध्या हॉर्नमध्ये विद्युतचुंबक एक पातळ पडदा सेकंदाला चारशेच्या आसपास वेळा हलवतो आणि पुढची चकती त्यात तीव्र, चिरका आवाज मिसळते. ही तीव्र पट्टी मुद्दाम ठेवलेली असते, कारण तिथेच आपला कान सगळ्यात तिखट असतो. पण स, श, त, क अशा व्यंजनांची ओळखही बरीचशी त्याच पट्टीत असते. त्यामुळे हॉर्न वाजला की बाईंचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचतो, शब्द मात्र पोचत नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात. दवाखाने, शाळा-कॉलेजं आणि न्यायालयांभोवती किमान 100 मीटरचा भाग शांतता क्षेत्र ठरवता येतो. 2017 च्या दुरुस्तीनंतर मात्र त्यासाठी तशी स्पष्ट अधिसूचना लागते. अशा क्षेत्रात हॉर्न पूर्ण बंद, आणि निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 बंद. अपवाद फक्त सार्वजनिक आणीबाणीचा. आपल्याकडे पाटीवरचं अक्षर कानडी आहे की मराठी, यावरून वाद होतात. हॉर्नबंदीची खूण मात्र अक्षरांविना वाचता येते: लाल कडेचं पांढरं वर्तुळ, आत हॉर्नचं चित्र आणि त्यावर लाल तिरकी रेघ. केए 22 असो वा एमएच 09, मोटार वाहन कायद्याचं कलम 194-एफ दोघांना सारखंच लागू आहे. पाटी नसली तरी विनाकारण, सलग किंवा सुरक्षेला लागेल त्याहून जास्त हॉर्न देणं याच कलमात बसतं.

आता 100 मीटरचं बघा. वरचाच हॉर्न 112 मीटरवर, म्हणजे हद्दीच्या जरा बाहेर वाजला, तरी सरळ समोरच्या खिडकीशी 76 डेसिबल पोचतात. म्हणून पाटी मागे पडल्यापडल्या दाबलेला हॉर्न कायद्यात बसला तरी वॉर्डातच वाजतो. रस्ता आणि खिडकी यांच्यामध्ये भिंत किंवा इमारत आली तर आवाज बराच अडतो. झाडांची एक रांग दिसायला दाट वाटते, आवाज फारसा अडवत नाही. आणि दोन्ही बाजूंना उंच इमारती असलेल्या अरुंद गल्लीत आवाज भिंतींवर आपटून परत येतो, तिथे अंतराने होणारी घट आणखी कमी.

मग माणूस आडवा आला तर? इथेच बहुतेकांची गफलत होते. ताशी 40 च्या वेगाने गाडी सेकंदाला 11 मीटर जाते. हॉर्न ऐकून पायी चालणाऱ्याने मान वळवेपर्यंत आणि काय करायचं ते ठरवेपर्यंत सेकंद-दीड सेकंद जातो, तेवढ्यात गाडी 11 ते 16 मीटर पुढे आलेली असते. त्यात तो घाबरून जागीच थबकला, किंवा पोर उलट्या दिशेला पळालं, की संपलं. ब्रेक आपल्या पायाखाली असतो, समोरच्याची हालचाल नसते. कोरड्या रस्त्यावर ताशी 40 ला थांबायला साधारण 20 मीटर लागतात, ताशी 20 ला आठेक मीटर पुरतात. शाळेसमोर वीसचा वेग धरणाऱ्याला हॉर्नची गरजच फारशी पडत नाही. रात्री पुढे जायचं असेल तर डिपर द्या. उसाच्या ट्रॅक्टरवर टेपवर गाणी चालू असतील, तर चालकाला आरशातला उजेड हॉर्नच्या आधी कळतो.

चोर्ला घाटाच्या आंधळ्या वळणावर मात्र एक छोटा हॉर्न देणं योग्यच, कारण तिथे समोरचा दिसतच नाही. सिग्नल हिरवा झाल्या क्षणी, रेल्वे फाटकाच्या रांगेत, घरासमोर कुणाला खाली बोलावताना किंवा अँब्युलन्सला वाट देताना पुढच्या गाड्यांवर हॉर्न देणं चूक. शेवटच्या प्रसंगात तर पुढच्या चालकाला सायरन कुठून येतोय, तेच त्या गोंगाटात उमगत नाही.

गाडीत बसलेल्याला यातलं काही जाणवत नाही, कारण हॉर्नचं तोंड पुढे असतं आणि काचा वर असतात. एकदा कुणाला तरी गाडीत बसवून, मोकळ्या माळावर सात पावलं पुढे उभं राहून आपलाच हॉर्न ऐकावा. तो घोगरा झाला असेल तर प्रेशर हॉर्न विकत घेण्याची घाई नको. कर्कश आणि अनेक सुरांचे हॉर्न खासगी गाडीला चालतच नाहीत. चकतीच्या हॉर्नमागे एक छोटा स्क्रू असतो. आतले पॉइंट झिजले की तो पाव-पाव आटा फिरवून आवाज मूळ जागी आणता येतो. पाणी साचून गंज चढू नये म्हणून हॉर्नचं तोंड किंचित खाली झुकलेलं ठेवावं. बटण किंवा रिले चिकटून हॉर्न सलग वाजत राहिला, तर बटण बडवत बसू नये: कारमध्ये हॉर्नचा फ्यूज काढावा, दुचाकीवर हॉर्नची वायर ओढून वेगळी करावी. ती कुठे जोडलेली आहे, हे दवाखान्यासमोर शोधण्यापेक्षा घरीच बघून ठेवलेलं बरं.