कौलारू वारसा-इमारतींवरील सौर पॅनेल

मातीच्या कौलांचे उतरते छप्पर असलेल्या जुन्या इमारतींवर वीजनिर्मितीसाठी सौर पॅनेल बसवण्याला वारसा-संवर्धनाच्या दृष्टीने जे आक्षेप घेतले जातात ते, आणि पॅनेलांचा दृश्य व रचनात्मक परिणाम कमी करण्याच्या पद्धती, असा या नोंदीचा विषय आहे. हा प्रश्न जर्मनी, इटली, इंग्लंड अशा अनेक देशांत उद्भवला आहे. येथे त्याचा विचार मुख्यतः कोकण व गोव्यातील मंगलोरी कौलांच्या छपरांच्या संदर्भात केला आहे, कारण या छपरांची बांधणी आणि या अक्षांशावरील सूर्याची गती या दोन्हींमुळे युरोपातील उपाय येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

मंगलोरी कौलांचे उत्पादन बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेने 1865 साली मंगळूरला सुरू केले. खाचा एकमेकींत बसणारे हे चपटे कौल पश्चिम किनाऱ्यावर झपाट्याने पसरले आणि अनेक घरांवर त्याने जुन्या नळीच्या कौलांची जागा घेतली. एका चौरस मीटरला साधारण पंधरा कौले लागतात आणि एका कौलाचे वजन सुमारे अडीच किलो असते, म्हणजे लाकूड सोडून छपराचे वजन चौरस मीटरला चाळीस किलोच्या आसपास जाते. महत्त्वाची गोष्ट अशी की ही कौले कशालाही ठोकलेली नसतात. ती रिपांवर नुसती अडकवलेली असतात, रिपा वाशांवर खिळलेल्या असतात, आणि वासे आढ्यापासून भिंतीच्या माथ्यावरील लाकडी पट्टीपर्यंत टेकलेले असतात. ही पट्टी चिऱ्याच्या भिंतीला जखडलेली असेलच असे नाही. बहुतेक जुन्या घरांत छप्पर जागेवर राहते ते त्याच्या स्वतःच्या वजनाने.

दृश्य आक्षेप समजून घेण्यासाठी पणजीतील फोंताइन्हास ही वस्ती चांगले उदाहरण आहे. ही वस्ती आल्तिनो टेकडीच्या पायथ्याशी आहे आणि मळ्यातील मारुती मंदिराच्या बाजूने खाली पाहिले की घरांच्या रंगीत भिंतींपेक्षा लाल-तपकिरी छपरांचा सलग पट आधी नजरेत भरतो. त्यामुळे ‘रस्त्यावरून दिसत नाही’ हा एरवी पुरेसा ठरणारा निकष येथे अपुरा पडतो. अशा पटावर काळसर निळ्या काचेचा चौकोन आला, की वेगळ्या रंगाइतकाच त्याचा पोतही खटकतो. कौलांची छोटी, खडबडीत, प्रकाश शोषणारी वीण आणि काचेचा मोठा, सपाट, चकाकणारा पृष्ठभाग शेजारी शेजारी येतात. चंदेरी ॲल्युमिनियमच्या कडा, उतारापासून वर उचललेले सांगाडे, आढ्याच्या रेषेवर डोकावणारे कोपरे आणि भिंतीवरून लोंबणाऱ्या केबल यांनी हा परिणाम दुणावतो. वारसा-संवर्धनाच्या 1964 च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेच्या तेराव्या कलमानुसार भर घालताना इमारतीचे लक्षणीय भाग, तिचा पारंपरिक परिसर आणि रचनेचा तोल यांना बाधा येता कामा नये. छपराबाबतच्या आक्षेपांचा आधार बहुधा हाच असतो.

दुसरा आक्षेप मूळ साहित्याविषयी आहे. सर्वसाधारण कंत्राटी पद्धतीत कौलाला भोक पाडून त्यातून बोल्ट थेट रिपेत किंवा वाशात घातला जातो आणि फट सिलिकॉनने किंवा सिमेंटने बुजवली जाते. भोक पाडलेले कौल तडकते, बुजवलेली फट दोन-तीन पावसाळ्यांत उघडी पडते आणि पाणी बोल्टच्या कडेने लाकडात उतरते. काम करणारे लोक कौलांवरून चालतात, त्यात आणखी कौले फुटतात. फुटलेल्या जुन्या, कारखान्याचा ठसा असलेल्या कौलाच्या जागी नवे कौल घालावे तर खाचांचे माप जुळत नाही, म्हणून अनेकदा छपराच्या एका बाजूचे आख्खे पाखेच बदलले जाते. वारशाचे सर्वांत मोठे नुकसान होते ते येथे, आणि ते टेकडीवरून दिसतही नाही.

रचनेविषयीच्या चर्चेत बहुधा पॅनेलांच्या वजनाचीच चिंता व्यक्त होते. प्रत्यक्षात वजन हा दुय्यम भाग आहे. तीन किलोवॅटच्या घरगुती संयंत्राचा हिशेब मांडून पाहता येतो. केंद्र सरकारच्या, 2024 साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत या क्षमतेला कमाल अनुदान मिळत असल्याने सध्या हाच आकार सर्रास बसवला जातो. चारशे वॅटची आठ पॅनेल घेतली, तर त्यांचे क्षेत्रफळ साडेपंधरा चौरस मीटरच्या आसपास आणि पट्ट्यांसह वजन सव्वादोनशे किलोच्या आत राहते, म्हणजे चौरस मीटरला सुमारे चौदा किलो. तेवढ्याच भागातील कोरडी कौले सहाशे किलोच्या घरात असतात आणि पावसात पाणी शोषून ती शंभरेक किलोने सहज जड होतात. वासे सुदृढ असतील तर हा अधिकचा भार ते पेलतात.

वाऱ्याचे तसे नाही. वाऱ्याच्या भारासंबंधीच्या भारतीय मानकात पणजीसाठी मूळ वेग सेकंदाला 39 मीटर धरला आहे. या वेगाचा दाब चौरस मीटरला सुमारे नव्वद किलो भरतो. पॅनेल तिरक्या सांगाड्यावर उभे केले असेल तर हा दाब खालून शिरून त्याला उचलू पाहतो. कौलांचे चाळीस आणि पॅनेलचे चौदा किलो मिळूनही त्याला पुरे पडत नाहीत. नुसत्या कौलांच्या छपरात वारा असंख्य फटींतून आतबाहेर होतो, त्यामुळे दोन्ही बाजूंचा दाब बराच सारखा होतो आणि एखादे-दुसरे कौल उडाले तरी वासे जागेवर राहतात. पॅनेल मात्र ती ओढ मोजक्या बिंदूंवर गोळा करून थेट वाशांना देतात. वाशात स्क्रू घट्ट बसला असला, तरी तो वासाच भिंतीवर नुसता टेकलेला असेल तर ती घट्ट जोडणी कामाची नाही. वादळानंतर वळचणीपाशी वाशाच्या टोकाजवळ ताजी फट किंवा भिंतीच्या माथ्यावर गिलाव्याची आडवी भेग दिसली, तर छप्पर उचलले जाऊ लागल्याची ती खूण समजावी.

म्हणून या छपरांवर दिसण्याचा आणि मजबुतीचा प्रश्न एकाच उपायाने बराचसा सुटतो. पॅनेल उताराला समांतर आणि कौलांच्या जवळ ठेवले, आढे, वळचण व दोन्ही बाजूंच्या कडांपासून किमान कौलांच्या दोन-तीन ओळी मोकळ्या सोडल्या, तर वाऱ्याची ओढ बरीच घटते, कारण वाऱ्याचे चूषण सर्वांत तीव्र असते ते नेमके या कडांवर. भोवती कौलांची चौकट राहिल्याने छपराचा मूळ आकारही वाचता येतो. पॅनेल आणि कौले यांत दहा सेंटिमीटरच्या आसपास अंतर हवे. त्याहून कमी ठेवले तर हवा खेळत नाही, पॅनेल तापते (दर अंशामागे उत्पादन सुमारे एक तृतीयांश टक्क्याने उतरते) आणि खाली पालापाचोळा साठतो. आठही पॅनेलांचा एकच सलग आयत करावा. छपरातील झरोका चुकवत तुकड्या-तुकड्यांत मांडलेली पॅनेल जास्त डोळ्यांत भरतात. चंदेरीऐवजी काळी चौकट आणि परावर्तन कमी करणारी काच यांचा खर्च फारसा वाढत नाही.

पाखे निवडताना या अक्षांशाचा मोठा लाभ होतो. जर्मनीसारख्या देशात उत्तरेकडच्या उतारावर उत्पादन बरेच घटते, त्यामुळे रस्त्याकडचे पाखे दक्षिणेकडे आले की वाद अटळ होतो. गोव्यात मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. साधारण तीस अंशांच्या उतारावर पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे बसवलेली पॅनेल दक्षिणेकडच्यांपेक्षा वर्षाला फक्त आठ-दहा टक्के कमी वीज देतात. उत्तरेकडच्या उतारावर घट पाचव्या हिश्श्याच्या आसपास जाते. वरच्या उदाहरणात पॅनेल मागच्या, पश्चिमेकडच्या पाख्यावर नेली तर ही घट नववे पॅनेल लावून भरून निघते. तरीही दर्शनी दक्षिण उतारासाठी हट्ट धरला जातो तो बहुधा कंत्राटदाराच्या सवयीमुळे. मागे नारळीची वा आंब्याची सावली असेल तर मात्र हा हिशेब कोलमडतो, कारण एका पॅनेलवरची सावली साखळीतील इतरांचेही उत्पादन खाली खेचते.

जोडणीसाठी कौलाला भोक न पाडता, त्याच्या खालून निघून खालच्या कौलावरून बाहेर येणारे पोलादी आकडे वापरतात. आकडा नेहमी वाशालाच बसवावा, रिपेला कधीच नाही. आकड्याने खालच्या कौलावर टेकता कामा नये, काही मिलिमीटरची फट राखावी, नाहीतर पॅनेलचा भार कौलावर येऊन ते तडकते. जेथे आकड्यासाठी कौल घासावे लागेल तेथे मूळ कौल काढून, क्रमांक घालून जपून ठेवावे आणि त्या जागी पत्र्याचे बदली कौल घालावे. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत साधे जस्तलेपित पोलाद आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटून राहिले की गंज वेगाने धरतो, म्हणून 316 प्रतीचे स्टेनलेस पोलाद आणि मध्ये रबरी किंवा नायलॉनची चकती आवश्यक ठरते.

त्याआधी लाकडाची तपासणी करावी लागते. आढ्याला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणली की झोळ लक्षात येतो. वाशांची भिंतीवर टेकणारी टोके आरीने टोचून पाहावीत, कारण कूज आणि वाळवी तेथूनच सुरू होते; आरी विनासायास आत गेली तर त्या वाशाला आकडा लावू नये. कमकुवत वासा काढून टाकण्याऐवजी त्याच्या बाजूला नवा जोडवासा बोल्टने बसवणे संवर्धनाच्या दृष्टीने अधिक योग्य, कारण मूळ लाकूड जागेवर राहते. त्याचबरोबर भिंतीवरील लाकडी पट्टी पोलादी पट्ट्यांनी चिऱ्याच्या काही थर खालपर्यंत बांधून घेतली की वाऱ्याची ओढ भिंतीपर्यंत पोहोचते. वाशांवर विश्वास ठेवता येत नसेल तर भिंतीपासून भिंतीपर्यंत जाणारे स्वतंत्र हलके पोलादी बहाल छपराच्या आतून घालता येतात. पण त्यासाठी छत उघडावे लागते आणि चित्रांकित लाकडी छत असलेल्या घरात ते करू नये.

शाकारणीचा प्रश्न या सगळ्यात हमखास विसरला जातो. पावसाळ्यापूर्वी कौले चाळून फुटकी बदलणे ही या छपरांची नित्याची निगा आहे. वानरांचा किंवा नारळ पडण्याचा त्रास असलेल्या घरांत ती दरवर्षी टळत नाही. पॅनेलांखालच्या दोनशेहून अधिक कौलांपर्यंत हात पोहोचत नसेल तर गळती लक्षात येते ती छतावर डाग पडल्यावरच. म्हणून पॅनेलांच्या दोन ओळींत हात जाईल एवढी फट ठेवतात आणि एकेक पॅनेल स्वतंत्र सुटेल अशी पकड वापरतात. पॅनेलच्या खालच्या कडेवरून पावसाचे पाणी एकाच ओळीवर धारेने पडते. ती धार पन्हळीच्या पलीकडे उडत असेल तर भिंतीचा पाया भिजतो. केबल लाकडाला चिकटवून न नेता धातूच्या नळीतून न्याव्यात, कारण उंदरांनी कुरतडलेल्या केबलमधून निघणारी एकदिश प्रवाहाची ठिणगी सहज विझत नाही आणि वाळलेल्या सागवानाला ती पुरते.

कौलासारखी दिसणारी सौर कौले हा पर्याय इटलीतील पॉम्पेई या प्राचीन शहराच्या अवशेषांत वापरला गेला आहे. रंग साधण्यासाठी प्रकाश अडवावा लागत असल्याने अशा कौलांची वीज कमी आणि किंमत जास्त असते. जेथे मूळ कौले आधीच नष्ट झाली आहेत तेथे ती शोभतात; शाबूत छपरावर मात्र ती घालायची म्हणजे खरी कौले उतरवून त्यांची नक्कल चढवणे होय.

छपराला हात न लावण्याचे पर्याय प्रथम तपासावेत, अशी संवर्धनातील सर्वमान्य पद्धत आहे. मागच्या बाजूचे काँक्रीटचे न्हाणीघर, गोठा, मोटारीची शेड किंवा परसातील जमीन येथे नऊ पॅनेल सहज मावतात. जेथे राज्याच्या वीज नियामक आयोगाने परवानगी दिली आहे तेथे दुसऱ्या जागेवरील संयंत्राची वीज घराच्या बिलात वळती करता येते. फोंताइन्हाससारख्या संरक्षित क्षेत्रांत बाह्यरूपातील बदलाला संवर्धन समितीची, आणि केंद्र संरक्षित स्मारकापासून तीनशे मीटरच्या आत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या व्यवस्थेतील परवानगी लागू शकते. अर्जासोबत पाख्यांची मोजमापे, टेकडी व रस्ता दोन्हींवरून घेतलेली छायाचित्रे, आकड्यांच्या जागा दाखवणारा वाशांचा नकाशा आणि काढलेल्या कौलांची क्रमवार यादी जोडलेली असावी. पंचवीसेक वर्षांनी पॅनेल उतरवताना छप्पर पूर्ववत करण्यासाठी हीच यादी वापरायची असते.