आवाज येतो, सबटायटल येतात, चित्र मात्र येत नाही

फोनवर सिनेमा लावावा, स्क्रीन टीव्हीवर मिरर करावी आणि टीव्हीवर नुसता काळा चौकोन दिसावा, हा अनुभव बऱ्याच जणांना आलेला असतो. गंमत म्हणजे आवाज नीट ऐकू येतो. पॉजचं बटण दिसतं, काही ॲपमध्ये सबटायटलही दिसतात. हातातल्या फोनवर सिनेमा मजेत चालू असतो. संशय आधी वायफायवर जातो, मग टीव्हीवर. पण वायफाय कमजोर असेल तर चित्र अडखळतं, त्याचे तुकडे होतात, ते मधेच गोठतं. बरोबर व्हिडिओच्या जागेपुरतं काळं होणं हे बिघाडाचं लक्षण नाही. तो काळा रंग फोननेच तिथे भरलेला असतो.

हे कसं होतं ते कळण्यासाठी फोनचा पडदा कसा रंगवला जातो ते पाहावं लागतं. आपल्याला एक चित्र दिसतं, पण फोनच्या हिशेबी ते थर असतात. वरची घड्याळ-बॅटरीची पट्टी हा एक थर, ॲपची बटणं आणि सबटायटल हा दुसरा, आणि व्हिडिओ बहुतेक वेळा त्यांच्याखाली वेगळाच थर म्हणून असतो. अँड्रॉइडमध्ये हे थर एकत्र रचण्याचं काम सर्फेसफ्लिंगर नावाची यंत्रणा करते, सर्वसाधारण फोनवर सेकंदाला साठ वेळा.

मिररिंग सुरू केलं की फोनच्या पडद्यावरचं तयार चित्र उचलून टीव्हीकडे जातं, असं आपण धरून चालतो. तसं होत नाही. फोन स्वतःच्या आत आणखी एक पडदा आहे असं मानतो आणि त्याच्यासाठी तेच थर पुन्हा एकदा रचतो. ही दुसरी रचना व्हिडिओच्या रूपात आवळून वायफायवरून टीव्हीला पाठवली जाते. प्रत्येक पडद्याबद्दल फोनकडे नोंद असते: हा सुरक्षित आहे की नाही. थरांवरही तशीच खूण करता येते. सुरक्षित म्हणून खूण केलेला थर असुरक्षित पडद्यासाठी रचायची वेळ आली, की त्याच्या जागी काळा रंग भरला जातो आणि बाकीचे थर जसेच्या तसे राहतात. आवाजाची वाट मुळात वेगळी असते आणि तिच्यावर सहसा इतका कडक पहारा नसतो, म्हणून संवाद ऐकू येतात. स्क्रीनशॉट आणि स्क्रीन रेकॉर्डिंगलाही हाच नियम लागतो.

ॲप बनवणारा ही खूण एकट्या व्हिडिओऐवजी ॲपच्या संपूर्ण खिडकीवर लावू शकतो. त्या खुणेचं नाव `FLAG_SECURE`. बँकांची ॲप स्क्रीनशॉट घेऊ देत नाहीत ती याच खुणेमुळे. त्यामुळे टीव्हीवर बटणांसकट सगळंच काळं दिसत असेल तर खूण खिडकीवर आहे, आणि बटणं दिसून व्हिडिओ तेवढा काळा असेल तर ती व्हिडिओच्या थरावर आहे, असा अंदाज बांधता येतो.

पण खूण म्हणजे शेवटी सॉफ्टवेअरमधली एक सूचना. फोनमध्ये फेरफार करून ती कोणी काढून टाकली तर? इथे संरक्षित कंटेंट म्हणजे नक्की काय, हा प्रश्न येतो. सर्व्हरवरून येणारा व्हिडिओ कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केलेला असतो. तो उघडण्याची किल्ली ‘लायसन्स’मध्ये येते, आणि तिच्यासोबत अटीही येतात: किल्ली किती वेळ चालेल, चित्र कोणत्या दर्जापर्यंत उघडायचं, बाहेरच्या पडद्यावर दाखवायचं असेल तर जोडणी कशी हवी. अँड्रॉइडवर हे काम बहुतेक ठिकाणी गूगलची वाइडवाइन यंत्रणा करते, तर आयफोनवर ॲपलची फेअरप्ले.

वाइडवाइनच्या एल-१ या सर्वांत कडक पातळीवर कुलूप उघडणं आणि व्हिडिओ डीकोड करणं, दोन्ही कामं प्रोसेसरच्या एका बंदिस्त भागात होतात. तयार झालेल्या फ्रेम मेमरीच्या अशा राखीव कप्प्यात ठेवल्या जातात, की एरवी फोनवर चालणारं सॉफ्टवेअर, अगदी अँड्रॉइड स्वतःसुद्धा, त्या वाचू शकत नाही. तिथून त्या थेट पडदा चालवणाऱ्या हार्डवेअरकडे जातात. ज्या ॲपमध्ये आपण सिनेमा पाहतोय, त्या ॲपलाही उघडी किल्ली कधी दिसत नाही. म्हणजे एल-१ फोनवर ती खूण काढली तरी मिररिंग करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या हाती चित्र लागत नाही. त्या काळ्या रंगामागे काही लपवलेलं नसतं.

काही फोनवर फक्त एल-३ ही पातळी असते. तिथे सगळं साध्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलं जातं, म्हणून कंपन्या अशा फोनला चांगल्या दर्जाचं चित्र देतच नाहीत. नेटफ्लिक्स एल-३ वर एचडी दाखवत नाही. नवा फोन, वेगवान इंटरनेट आणि तरी चित्र धूसर, या तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण निघतं.

मग केबल जोडली तर? ते केबल कोणती यावर ठरतं. यूएसबी-सी ते एचडीएमआय अडॅप्टर दिसायला सारखे असले तरी दोन जातींचे असतात. एका जातीत फोनच्या पोर्टमधून खरा डिस्प्ले सिग्नल बाहेर पडतो. असा सिग्नल देण्याची सोय स्वस्त फोनच्या पोर्टमध्ये बहुधा नसते. दुसऱ्या जातीत आधी एक ॲप टाकायला सांगतात. ते ॲप स्क्रीन रेकॉर्ड करून तीच केबलमधून पाठवतं, म्हणजे वर सांगितलेली असुरक्षित वाट, फक्त तारेतून. तिथे काळं चित्र ठरलेलंच.

खऱ्या सिग्नलच्या वाटेवर एचडीसीपीची तपासणी होते. इंटेलने तयार केलेल्या या पद्धतीत पाठवणारं आणि दाखवणारं उपकरण एकमेकांची ओळख पटवतात आणि मधल्या तारेतला सिग्नलही एन्क्रिप्ट करतात. मध्ये स्प्लिटर असेल तर त्यालाही ही ओळख देता आली पाहिजे. ४के चित्रासाठी साधारणपणे एचडीसीपी २.२ मागितलं जातं, त्यामुळे एखादा जुना प्रोजेक्टर मध्येच अडकतो. अशा वेळी लायसन्समधल्या अटीप्रमाणे चित्र काळं होतं, कमी दर्जाचं येतं किंवा एररचा संदेश दिसतो.

दोष नेमका कुठे आहे हे तपासायला फोनवर स्वतः काढलेला एखादा व्हिडिओ त्याच जोडणीने टीव्हीवर लावून बघावा. तो दिसला तर वायफाय, केबल, टीव्ही सगळं ठीक आहे आणि अडवणूक संरक्षणाची आहे. तोही काळा आला तरच केबल बदलण्यात अर्थ आहे.

या सगळ्या बंदोबस्ताने चोरी थांबते का? फारशी नाही. एचडीसीपीची मूळ किल्लीच २०१० मध्ये इंटरनेटवर फुटली आणि ती खरी असल्याचं इंटेलनेही मान्य केलं. टीव्हीसमोर कॅमेरा धरणाऱ्याला तर यातलं काहीच अडवत नाही. तरी स्टुडिओ सिनेमा देताना करारात या अटी घालतात, आणि त्यांचा जाच मुख्यतः पैसे भरून पाहणाऱ्याला होतो, असं माझं मत आहे.

त्यातून सरळ वाट आहे ती कास्टची. मिररिंगमध्ये फोन स्वतःचं चित्र पाठवतो. ॲपमधलं कास्टचं चिन्ह दाबलं तर फोन टीव्हीला फक्त कोणता सिनेमा आणि कुठून सुरू करायचा एवढंच कळवतो. टीव्ही स्वतः सर्व्हरशी बोलतो, स्वतःचं लायसन्स घेतो आणि आपल्या आतल्या बंदिस्त भागात चित्र उघडतो. फोन तेव्हा नुसता रिमोट असतो, त्याचा पडदा बंद केला तरी सिनेमा चालू राहतो. टीव्हीतलं त्या सेवेचं ॲपही याच पद्धतीने चालतं. मात्र स्वस्तातला ‘फक्त मोबाइल’ प्लॅन घेतला असेल तर या दोन्ही वाटा सहसा बंद असतात. ती अडचण फोनच्या सेटिंगमधून सुटत नाही, तिथे प्लॅनच बदलावा लागतो.