फोरक्लोजर लेटरवरची रक्कम भरण्यापूर्वी

कर्ज मुदतीआधी बंद करायचं म्हटलं की बँक किंवा फायनान्स कंपनी एक पत्र देते. त्यावर ठळक अक्षरांत एकूण रक्कम असते आणि बहुतेक लोक तेवढीच पाहून चेक फाडतात. आमच्याकडे हे पत्र घेऊन कोणी आलं की आम्ही ती रक्कम शेवटी बघतो. आधी ती कशाकशाची बनली आहे ते पाहतो.

एक उदाहरण घेऊ. आकडे सोयीसाठी गोल केले आहेत. ५,००,००० रुपयांचं वैयक्तिक कर्ज, १४ टक्के स्थिर व्याजदर, हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला. या महिन्याच्या ५ तारखेचा हप्ता गेल्यावर ३,००,००० मुद्दल शिल्लक आहे. करारानुसार मुदतपूर्व परतफेडीचं शुल्क शिल्लक मुद्दलाच्या ४ टक्के. पत्र २० तारखेपर्यंत वैध. त्यात लिहिलंय:

मुद्दल ३,००,०००
व्याज ३,५००
फोरक्लोजर चार्जेस, जीएसटीसह २३,६००
इतर चार्जेस १,१८०
एकूण ३,२८,२८०

मुद्दल बरोबर आहे. ते हप्त्यांच्या तक्त्यात, म्हणजे रिपेमेंट शेड्यूलमध्ये, शेवटच्या भरलेल्या हप्त्यासमोरच्या शिल्लक रकमेशी जुळलं पाहिजे. पत्र हप्त्याच्या आदल्या दिवशी काढलेलं असेल तर मात्र जुळणार नाही: मुद्दल जुनंच दिसेल आणि दुसऱ्या दिवशी खात्यातून हप्ताही जाईल. म्हणून हप्ता जमा झाल्यावर दोन-तीन दिवस थांबून पत्र मागवा.

व्याजाचा घोळ हमखास सापडतो. ३,५०० म्हणजे अख्ख्या महिन्याचं व्याज. पण ५ ते २० तारीख हे फक्त १५ दिवस. हिशोब असा:

३,००,००० × १४ ÷ १०० ÷ ३६५ = दिवसाला साधारण ११५ रुपये

पंधरा दिवसांचे झाले १,७२६. १४ तारखेलाच पैसे भरले तर नऊच दिवसांचं व्याज, म्हणजे १,०३६ रुपये. पत्रात रोजच्या व्याजाचा आकडा नसेल तर तो लेखी मागा. पुढे भरण्याची तारीख सरकली तरी तुमचा तुम्हाला हिशोब करता येतो.

शुल्काकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या, कारण मोठी रक्कम इथेच असते. ३,००,००० चे ४ टक्के १२,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी २,१६०, मिळून १४,१६०. मग २३,६०० आले कुठून? ४ टक्के ५,००,००० वर लावलेत, म्हणजे मूळ मंजूर रकमेवर. हे पत्र नुसतं वाचून कळत नाही. शुल्काच्या रकमेला १.१८ ने भागायचं आणि येणारा आकडा मुद्दलाच्या किती टक्के आहे ते पाहायचं. इथे तो पावणेसात टक्क्यांच्या आसपास येतो, करारात मात्र चारच आहेत.

कर्ज तरत्या व्याजदराचं असेल, एखाद्या व्यक्तीने घेतलेलं असेल आणि व्यवसायासाठी नसेल, तर हे शुल्क मुळातच लागत नाही. रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे, आणि गृहकर्जवाल्यांनी तो जरूर लक्षात ठेवावा.

आता राहिले ‘इतर’ १,१८०. हा शब्द दिसला की फोड मागायचीच. १,१८० म्हणजे १,००० अधिक जीएसटी, पण कशाचे? कधी हप्ता बाउन्स झाल्याचे असतात, कधी स्टेटमेंट काढल्याचे, कधी नुसतंच ‘प्रोसेसिंग’. तारीख आणि कारण दाखवता आलं तर ठीक. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांसोबत ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणं बंधनकारक आहे. त्यात न लिहिलेलं शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय घेता येत नाही. आपल्या उदाहरणात काउंटरवरच्या माणसाला कारण सांगता आलं नाही, असं धरू.

मग २० तारखेला भरायची रक्कम ३,००,००० + १,७२६ + १४,१६० = ३,१५,८८६. पत्रापेक्षा १२,३९४ रुपयांनी कमी.

फरक सापडला तर काउंटरवर वाद घालत बसू नका. तीन ओळींचा ईमेल करा: कोणती ओळ, तुमचा आकडा किती, करारातलं कलम कोणतं. सुधारित पत्र मागा आणि ते हातात आल्यावरच पैसे भरा. ‘आधी भरा, जास्तीचे परत करू’ हे आमच्या मते शक्यतो स्वीकारू नये. पण पुढचा हप्ता किंवा पत्राची मुदत जवळ आली असेल तर रोजचं व्याज आणि वादातली रक्कम शेजारी ठेवून बघा. ११५ रुपये रोज देऊन दोनशे रुपयांसाठी आठवडाभर थांबण्यात अर्थ नाही.

पैसे भरल्यावर ‘नो ड्यूज’ पत्र घ्या आणि हप्त्याची ऑटो-डेबिट परवानगी रद्द झाली का ते आपल्या बँकेत तपासा. घर किंवा जमीन तारण असेल तर मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत मिळायला हवीत. बँकेच्या किंवा फायनान्स कंपनीच्या चुकीने उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई मागता येते.

पत्र तपासून हवं असेल तर येताना करार, हप्त्यांचा तक्ता आणि कर्जखात्याचं गेल्या सहा महिन्यांचं स्टेटमेंट सोबत आणा. नुसतं पत्र आणलं तर आम्हालाही बेरीज-वजाबाकीपलीकडे काही सांगता येत नाही.